नेमणुकीच्या पत्रामागून येणारी मागणी



उन्हाळा सरता सरता पदवीचे निकाल लागतात. प्रवरेच्या काठच्या आपल्या कोल्हारात, शेजारच्या लोणीत, बाभळेश्वरला, राहुरीत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेली मुले घरोघर दिसू लागतात. पूर्वी अर्ज टपालाने जात आणि उत्तराची वाट पोस्टमनच्या सायकलकडे पाहत बघावी लागे. आता अर्ज फोनवरून जातो, उत्तरही फोनवरच येते, आणि कधी कधी अर्ज न करताच येते. अशा एका उत्तराविषयी आज बोलायचे आहे.

खोट्या नोकरीचे बोलावणे कसे असते हे नुसते वर्णन करून सांगितले, तर ऐकणारा मनात म्हणतो, "एवढे काय, मला कळले असते." म्हणून मी तो संवादच पुढे ठेवतो. हा कोण्या एका मुलाचा खासगी संवाद नव्हे. अशा तक्रारींत जे पुन्हा पुन्हा आढळते, त्यावरून तो रचला आहे. मुलगा कोल्हारचा धरा. बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेला, घरी तीन एकर ऊस आणि दोन गाई. पलीकडे आहेत 'एचआर मॅडम', म्हणजे नोकरभरती पाहणाऱ्या बाई. त्या एका बड्या, सर्वांना ठाऊक असलेल्या कंपनीचे नाव सांगतात. शिक्षकमंडळींनी वर्गात हा संवाद दोन मुलांकडून मोठ्याने वाचून घेतला तरी चालेल.

सोमवार, सकाळी अकरा.

मॅडम : नमस्कार. तुमचा बायोडेटा जॉब पोर्टलवर पाहिला. बी.एस्सी. कॉम्प्युटर, यंदाच पास, बरोबर?

मुलगा : हो मॅडम.

मॅडम : डेटा सपोर्टची पोस्ट आहे. हिंजवडी, पुणे. पगार महिना 32,500. इंटरेस्टेड?

मुलगा : हो मॅडम, नक्की. इंटरव्ह्यू कधी?

मॅडम : आज दुपारी चारला, इथेच चॅटवर.

मुलगा : चॅटवर? व्हिडिओवर नाही?

मॅडम : फ्रेशरची पहिली फेरी चॅटवरच असते. मी पण नगर जिल्ह्यातलीच आहे, श्रीरामपूरची. आपल्याकडची मुलं पुढं यावीत असं वाटतं, म्हणून तुमचं नाव वर ठेवलंय.

सोमवार, सायंकाळी पाच.

मॅडम : अभिनंदन! दहापैकी नऊ बरोबर. तुमचं सिलेक्शन झालं. ऑफर लेटर पाठवतेय. लिस्ट जाहीर होईपर्यंत कोणाला दाखवू नका.

मुलगा : थँक्यू मॅडम. घरी सांगतो.

मॅडम : आईवडिलांना सांगा, हरकत नाही. आता डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनचे 1,850 रुपये आज सातपर्यंत भरायचेत. पहिल्या पगारात परत मिळतात.

मुलगा : मॅडम, कंपनी पैसे घेते का?

मॅडम : कंपनी एक रुपया घेत नाही. ही फी बाहेरच्या एजन्सीची आहे. तुमची इच्छा नसेल तर तसं सांगा. वेटिंगवर 46 जण आहेत.

मुलगा : तसं नाही मॅडम. पण क्यूआर स्कॅन केला तर कोण्या माणसाचं नाव येतंय.

मॅडम : ते आमचे अकाउंट्स मॅनेजर.

मुलगा : बरं. पाठवले.

मंगळवार.

मॅडम : व्हेरिफिकेशन क्लिअर. आता लॅपटॉप घरी येणार. त्याचं डिपॉझिट 12,500. नोकरी सोडताना परत.

मुलगा : मॅडम, एवढे लगेच जमणार नाहीत. दुधाचा पगार शनिवारी होतो.

मॅडम : मी सरांशी बोलते... तुमच्यासाठी खास परवानगी काढली. आज 5,000 भरा, उरलेले उद्या.

बुधवार.

मुलगा : मॅडम, राहिलेले 7,500 पाठवले. काकांकडून घेतले.

मॅडम : मिळाले. आता फक्त 18 टक्के जीएसटी, 2,250.

मुलगा : हे आधी का नाही सांगितलंत?

मॅडम : सिस्टमवर आत्ता आलं. आज भरलं नाही तर आधीचे 14,350 जप्त होतात. मला वाईट वाटेल.

मुलगा : पाठवले.

गुरुवार.

मॅडम : आता सॅलरी अकाउंट. जवळच्या बँकेत तुमच्या नावाने नवीन खातं उघडा, नवीन सिम घेऊन तो नंबर खात्याला जोडा. मग पासबुक, एटीएम कार्ड आणि ते सिम कुरिअरने पाठवा. पत्ता देते. तुमचे सगळे रिफंड त्याच खात्यावर येतील.

मुलगा : मॅडम, मी उद्या पुण्याला येतोय. ऑफिसातच आणून देतो.

मॅडम : ऑफिसात एंट्री नाही मिळणार. कुरिअरच करा.

मुलगा : आत येत नाही. गेटवर तुम्ही खाली या, दोन मिनिटं.

यापुढे उत्तर आले नाही. शुक्रवारी सकाळी मॅडमचा फोटोही दिसेनासा झाला.

आता हिशेब पाहा. 1,850, मग 12,500, मग 2,250. एकूण 16,600 रुपये, तीन दिवसांत. हा मुलगा मूर्ख नव्हता. त्याने विचारायला हवे होते ते बहुतेक प्रश्न विचारले. मुलाखत व्हिडिओवर का नाही, कंपनी पैसे का घेते, क्यूआरमध्ये माणसाचे नाव का येते, कर आधी का नाही सांगितला, हे चारही प्रश्न नेमके होते. पण प्रत्येक प्रश्न त्याने त्याच माणसाला विचारला. चोराला चोरीचा पुरावा विचारावा, तसे ते झाले. या साऱ्या संवादातले मर्म मला इथेच दिसते. प्रश्न बरोबर असून भागत नाही. तो दुसऱ्या दारी विचारावा लागतो.

मागणीचा क्रमही बघा. पैसे आधी मागितलेले नाहीत. आधी निवड झाली, पत्र आले, घरात पेढे वाटून झाले. त्यानंतर पैसे मागितले. कारण निवडीपूर्वी 1,850 मागितले तर मुलगा ती फी नोकरीच्या आशेशी ताडून पाहील. निवडीनंतर मागितले की तो ती हातात आलेल्या नोकरीशी ताडतो. आशेसाठी माणूस हात आखडतो, हातचे जाऊ नये म्हणून मात्र खिसा मोकळा करतो. पहिली रक्कमही मुद्दामच लहान ठेवलेली असते. 1,850 रुपयांसाठी कोणी पोलिसांत जात नाही, भावाला विचारतही नाही. ते भरले की पुढची प्रत्येक रक्कम मागची वाचवण्यासाठी भरली जाते. "आधीचे 14,350 जप्त होतात" या वाक्यात नोकरीचा उल्लेखसुद्धा नाही. बुधवारी तो मुलगा नोकरीसाठी पैसे भरतच नव्हता, तो काकांचे पैसे सोडवीत होता.

त्या जीएसटीचेही थोडे पाहू, कारण व्यापारी मंडळी हे लगेच ओळखतील. हा कर माल किंवा सेवा पुरवल्याच्या मोबदल्यावर लागतो. परत करायची अनामत हा मोबदला नव्हे. ती अनामत पुढे मोबदल्यात वळती करून घेतली, तरच तिच्यावर कराचा प्रश्न येतो. म्हणजे 12,500 रुपये खरोखरच परत मिळणारी अनामत असती, तर त्यावर 2,250 रुपयांचा कर मागताच आला नसता. एकाच कागदावर 'परतावा' आणि 'जीएसटी' हे दोन्ही शब्द एकाच रकमेपुढे दिसले, तर तो कागद आपणच आपल्याला खोटा ठरवतो. कोल्हारातल्या कोणत्याही दुकानाचे कर-विवरण भरून देणारा माणूस हे दोन मिनिटांत सांगेल. त्याला विचारायला मात्र हवे.

मग खरी कंपनी काय करते? कागदपत्रांची पडताळणी बाहेरच्या संस्थेकडून करवून घेण्याची पद्धत खरीच आहे, म्हणून मॅडमचे म्हणणे पटते. परंतु ती संस्था कंपनीने नेमलेली असते आणि तिचे बिल कंपनी भरते. लॅपटॉप कंपनीचा असतो. तो मिळाल्याची सही घेतात आणि नोकरी सोडताना तो परत घेतात. माहिती-तंत्रज्ञानातल्या बड्या कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळांवर स्पष्ट लिहून ठेवले आहे की भरतीसाठी आम्ही उमेदवाराकडून कसलीही रक्कम घेत नाही. इथे एक खुलासा करतो, नाहीतर गैरसमज व्हायचा. लोकसेवा आयोग, रेल्वे, बँका यांच्या परीक्षांना फी असते आणि ती खरी असते. पण ती अर्जाची फी असते, परीक्षेच्या आधी, त्या संस्थेच्याच संकेतस्थळावर भरायची, आणि सर्व उमेदवारांना जाहिरातीत छापून सांगितलेली. निवड झाल्यावर एकट्याला चॅटवर सांगितलेली फी यात बसत नाही.

आता दुसरे दार कोणते, ते सांगतो.

पहिले दार म्हणजे पत्र आलेला ई-मेलचा पत्ता. पत्त्यात `@` या चिन्हाच्या उजवीकडे जे लिहिलेले असते, ते घराचे नाव. डावीकडे कोणालाही काहीही लिहिता येते. समजा एखाद्या कंपनीचे संकेतस्थळ `example.com` आहे. तर तिचे पत्र `hr@example.com` अशा पत्त्यावरून यावे. `@` च्या उजवीकडे `gmail.com` असेल, तर तो पत्ता कोणालाही पाच मिनिटांत फुकट काढता येतो. त्याहून फसवा प्रकार म्हणजे कंपनीच्या नावाला आडवी रेघ मारून पुढे `careers`, `jobs` किंवा `hr` असा शब्द जोडलेला असतो. वाचणाऱ्याला वाटते, हा कंपनीचाच भरती विभाग. प्रत्यक्षात आडव्या रेघेने ते नाव अगदी निराळे होते, आणि असे नाव हजार-पाचशे रुपयांत कोणीही नोंदवू शकतो. जसे 'पाटील' आडनावाचे घर गावात एक असते आणि 'पाटील-वाडा' नावाचे हॉटेल हमरस्त्यावर दुसऱ्याच कोणाचे असते, तसेच हे. फोनच्या पडद्यावर पुष्कळदा पाठवणाऱ्याचे नुसते नाव दिसते, पत्ता झाकलेला असतो. त्या नावावर बोट दाबले की पूर्ण पत्ता उघडतो. तो अक्षर अक्षर वाचावा.

दुसरे दार पैशांच्या बाजूचे. क्यूआर स्कॅन केल्यावर, पिन टाकण्यापूर्वी, ज्याच्या खात्यावर पैसे जाणार त्याचे बँकेत नोंदलेले नाव पडद्यावर येते. आपल्या मुलाला ते दिसले होते. ते नाव मॅडमने लिहिलेले नसते, बँकेकडून आलेले असते. सगळ्या संवादात एवढी एकच गोष्ट अशी होती की जी ठगाच्या तोंडून आलेली नव्हती. कंपनीची रक्कम कंपनीच्या नावाच्या खात्यावर जाते, अकाउंट्स मॅनेजरच्या घरच्या खात्यावर नाही.

तिसरे दार सर्वांत साधे. पत्रात दिलेल्या नंबरावर फोन करून खात्री करू नये, कारण तो नंबर पत्र लिहिणाऱ्यानेच घातलेला असतो. कंपनीचे संकेतस्थळ आपण स्वतः शोधून उघडावे, त्यावर भरतीचा किंवा तक्रारीचा जो पत्ता असेल त्यावर ऑफर लेटरची प्रत पाठवावी आणि "हे पत्र आपलेच का" असे विचारावे. ज्या महाविद्यालयातून पदवी घेतली, तिथल्या प्लेसमेंट पाहणाऱ्या प्राध्यापकांकडे कंपन्यांच्या खऱ्या अधिकाऱ्यांचे पत्ते असतात. पास होऊन गेलेला विद्यार्थी परत येऊन विचारतो याचा कोणत्याही सरांना राग येत नाही.

पत्रावरच्या शिक्क्याने मात्र भुलू नये. हल्ली अशा पत्रांवर कंपनीचा 21 अक्षरांचा नोंदणी क्रमांकही छापलेला असतो. तो केंद्र सरकारच्या `mca.gov.in` या संकेतस्थळावर तपासला तर खरा निघतो, आणि मुले निश्चिंत होतात. पण त्यावरून एवढेच सिद्ध होते की त्या नावाची कंपनी आहे. ती आहे हे आपल्याला आधीच ठाऊक होते. पत्र तिने लिहिले का, हा प्रश्न तिथल्या तिथेच राहतो.

कोणी म्हणेल, फोनवरच्या परक्या बाईवर विश्वास कोण ठेवतो? आमच्याकडे तर ओळखीच्या माणसाकडूनच काम होते. त्यांच्यासाठी एक घडलेली हकिकत सांगतो. 2022 सालच्या जून-जुलैत तमिळनाडूतले 28 तरुण नवी दिल्लीच्या रेल्वे स्टेशनवर फलाटांवर उभे राहून, रोज आठ तास, सुमारे महिनाभर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजत होते. त्यांना सांगितले होते की तिकीट तपासनीस, वाहतूक सहायक, कारकून अशा रेल्वेच्या नोकऱ्यांचे हे प्रशिक्षण आहे. त्यासाठी त्यांच्याकडून मिळून सुमारे 2 कोटी 67 लाख रुपये घेतले होते. काहींनी दोन लाख दिले, एकाने चोवीस लाखांपर्यंत दिले. रेल्वेला या प्रशिक्षणाची खबरच नव्हती. पुढे त्यांना ओळखपत्रे आणि नेमणुकीची पत्रे मिळाली, तीही सगळी बनावट. हे प्रकरण डिसेंबर 2022 मध्ये वर्तमानपत्रांत आले.

यातली ध्यानात धरण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. या मुलांना दिल्लीच्या ठगांपर्यंत नेणारा माणूस त्यांच्याच भागातला एक वृद्ध माजी सैनिक होता. त्याने सांगितले की मला यात काही मिळवायचे नव्हते, मुलांना नोकरी लागावी एवढीच इच्छा होती आणि मीही फसलो. दिल्ली पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार घेऊन गेला तोही तोच. म्हणजे मधला माणूस सज्जन असला, सैन्यातून निवृत्त झालेला असला, तरी त्याचा सज्जनपणा पलीकडच्या टोकापर्यंत पोचत नाही. आपल्याकडेही गावातला एखादा भला माणूस "माझ्या ओळखीचे साहेब आहेत" म्हणतो. त्याच्यावर संशय घेऊ नका. साहेबांचे कार्यालय कोणते, रक्कम कोणाच्या नावावर जाते आणि पावती कोण देते, एवढे मात्र त्याला शांतपणे विचारा. पुष्कळदा ते त्यालाही माहीत नसते, आणि विचारल्यामुळे तोही वाचतो.

आता त्या गुरुवारच्या मागणीकडे येतो. नवीन खाते, नवीन सिम, एटीएम कार्ड, सारे कुरिअरने. पालकांना ही मागणी सर्वांत निरुपद्रवी वाटते, कारण तीत पैसे द्यायचे नसतात. माझ्या मते चौघांत सर्वांत घातकी हीच. 16,600 रुपये गेले तर उसाच्या बिलातून पुढेमागे भरून निघतील. पण ते खाते ज्याच्या हाती जाते, तो त्यावर दुसऱ्या फसवलेल्या माणसांचे पैसे घेतो आणि काही मिनिटांत पुढे काढतो. अशा खात्याला पोलीस म्यूल अकाउंट म्हणतात. सोमवारी मुलाला ज्या 'अकाउंट्स मॅनेजर'चे नाव दिसले होते, तोही बहुधा असाच कोणी आपले खाते देऊन बसलेला तरुण असावा. नागपूरच्या किंवा केरळच्या कोण्या माणसाने तक्रार केली की चौकशी त्या खात्यापासून सुरू होते, आणि खाते कोल्हारच्या मुलाच्या नावावर असते. बँक ते गोठवते. दुसऱ्या राज्याच्या पोलिसांची नोटीस घरी येते. मग आपण फसवलेले आहोत, फसवणारे नाही, हे सिद्ध करायची पाळी मुलावर येते. पगारासाठी कंपनीला लागतो तो खाते क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी क्रमांक, फार तर रद्द केलेला एक चेक. कार्ड, पिन, ओटीपी आणि सिम कोणत्याही मालकाला लागत नाहीत. कोणी आधीच असे काही पाठवून बसला असेल, तर त्याने आजच बँकेत जाऊन कार्ड आणि ऑनलाइन व्यवहार बंद करवावेत, सिम बंद करवावे आणि तसा लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. पुढे नोटीस आली तर त्या पोचेवरची तारीख उपयोगी पडते.

आणि पैसे गेलेच असतील तर? 1930 या क्रमांकावर फोन करावा. ही सायबर आर्थिक फसवणुकीसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. `cybercrime.gov.in` या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. फोन करताना जवळ लागते ते असे : कोणत्या बँकेतून, किती वाजता, किती रक्कम गेली आणि प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआयच्या व्यवहारात हा 12 आकडी क्रमांक व्यवहाराच्या तपशिलात लिहिलेला असतो. आपल्या मुलाचे चार व्यवहार झाले, तर चारही क्रमांक वेगवेगळे द्यावे लागतील.

घाई कशासाठी, ते समजून घ्या. तक्रार नोंदताच निरोप पैसे ज्या बँकेत गेले तिथे जातो, आणि त्या खात्यात त्या क्षणी जेवढी रक्कम शिल्लक असेल तेवढी बँक अडवून धरते. ठग पैसे एका खात्यात ठेवत नाही. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्या-चौथ्यात, शेवटी एखाद्या एटीएममधून रोख. पाण्याच्या पाटासारखे हे आहे. पाणी जिथवर पोचले, त्याच्या पुढे बांध घातला तरच अडते. तासाभरात केलेल्या फोनला यश येण्याचा संभव असतो. चार दिवसांनी केलेल्या फोनने पहिल्या दिवसाचे 1,850 परत मिळतील अशी आशा मी तरी देणार नाही. अडवलेली रक्कमही आपोआप हाती पडत नाही. तिच्यासाठी पोलिसांकडे आणि पुष्कळदा न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो, त्याला वेळ जातो. तरीही तक्रार करावी. ती केली नाही तर तेच खाते, तोच क्रमांक, उद्या आणखी कोणासाठी उघडा राहतो.

तक्रार घ्यायला ठाण्यात कोणी नाखूष दिसले, तर लक्षात ठेवा की कायदा यात मोघम नाही. आपण ज्याला वर्षानुवर्षे 'चारशे वीस' म्हणत आलो, ते कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे 318 झाले आहे. दुसऱ्याच्या नावाने वावरून फसवल्याबद्दल 319 आहे, आणि संगणक वा फोनच्या साधनाने तसे केल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66-ड. 'तीनशे अठरा' हा शब्द गावात रुळायला अजून वेळ लागेल म्हणा.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक सांगायचे आहे. फसलेला मुलगा बहुधा पहिली गोष्ट करतो ती म्हणजे तो सगळा संवाद पुसून टाकतो. काकांना, वडिलांना तो दिसू नये म्हणून. पण पोलिसांच्या हाती द्यायला असतो तो तेवढाच पुरावा. त्यात मॅडमचा नंबर असतो, क्यूआरचे चित्र असते, बनावट पत्र असते, प्रत्येक मागणीची वेळ असते. म्हणून पोरगा दोन दिवस नीट जेवत नाही, फोन उलटा ठेवतो, पुण्याच्या नोकरीचे नाव काढले की उठून जातो असे दिसले, तर त्याच्यावर ओरडण्याच्या आधी त्याला एवढेच विचारा : "ते बोलणं अजून फोनमध्ये आहे का?" असेल तर त्याची चित्रे काढून दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा, आणि मग दोघे मिळून 1930 लावा.